संगमावर, पण कुठल्या काठावर?

शेजारच्या आजी गेल्या तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. सकाळी त्यांचा नातू हाताने लिहिलेला कागद घेऊन आला. “काका, एकदा नजर टाका, पेपरला द्यायचंय.” नगरमध्ये असे कागद माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतात. रडून सुजलेल्या डोळ्यांना स्वतःच्या चुका दिसत नाहीत, म्हणून मी नाही म्हणत नाही.

पहिल्याच ओळीत ‘सोमवार दि. 3 रोजी रात्री 12.30 वाजता’ असं होतं. घरच्यांसाठी ती सोमवारचीच रात्र. पण बारा वाजून गेले की तारीख 4, वार मंगळवार, आणि दवाखान्याच्या कागदावरही तेच होतं. पुढे दशक्रिया ‘गुरुवार दि. 13’. निधनाचा दिवस पहिला धरायचा असतो, त्यामुळे 3 पासून मोजलं तर दहावा दिवस 12 ला येतो आणि 4 पासून मोजलं तर 13 ला. नातवाने मात्र 3 मध्ये सरळ 10 मिळवले होते. मी गुरुजींना फोन लावायला सांगितला. त्यांनी सूर्योदयापूर्वीचं निधन सोमवारातच धरलं. म्हणून मजकुरात निधन मंगळवार दि. 4 आणि दशक्रिया बुधवार दि. 12 असं गेलं. हा हिशेब आपण करायचा नाही, जे गुरुजी विधी करणार त्यांनाच विचारायचं.

‘सकाळी 8 वाजता, संगमावर’ हेही अपुरं होतं. प्रवरा गोदावरीला मिळते तिथे अलीकडे नेवासा तालुका, तर पूल ओलांडला की पलीकडे कायगाव, गंगापूर तालुक्यात. विधी दोन्हीकडे होतात. लांबून आलेला पाहुणा चुकीच्या काठावर उतरला तर काकस्पर्शाची वेळ निघून जाते. ‘प्रवरासंगम, ता. नेवासा’ असं पूर्ण लिहिलं. आठ वाजता प्रवचन की विधी, तेही विचारून घेतलं.

मग नाती. ‘त्या माजी सरपंच श्री. अमुक यांच्या पत्नी व कै. तमुक यांच्या मातोश्री होत.’ माझा हात थांबला. आजोबा जाऊन वर्षं झाली होती, आणि मुलगा बाहेर मांडवाखाली बसलेला. उतरवताना ‘श्री.’ आणि ‘कै.’ यांची अदलाबदल झाली होती. पेपरात हे छापून आलं असतं तर मुलाच्या सासुरवाडीला काय वाटलं असतं, हा विचार अजून अंगावर येतो. तारखेची चूक फोनवर सांगून निस्तरता येते. ही येत नाही.

‘पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे’ या ओळीत तिन्ही लेकी नव्हत्या. त्यांतली एक आईच्या उशाशी शेवटपर्यंत बसली होती.

मजकूर पाठवण्याआधी घरातल्या थोरल्या आत्याला तो मोठ्याने वाचून दाखवा. तिला सगळी नाती पाठ असतात.