अम्मीसाठी ‘कोर्ट’

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ अम्मीला दाखवायचा होता, कारण त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे आमच्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी साकारला होता. इतवारीतल्या आमच्या घरात उर्दू बोलली जाते. अम्मीला बाजारापुरती मराठी येते, इंग्रजी मात्र वाचता येत नाही. म्हणून पडद्याखालची इंग्रजी ओळ वाचून मी ती तिला आमच्या भाषेत सांगत बसलो.

हा सिनेमा महाराष्ट्राबाहेर गेला तो याच इंग्रजी ओळींवर. सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार मिळाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एप्रिल 2015 मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. म्हणजे परदेशातला प्रेक्षक आधी आणि घरचा नंतर. मोठे नट नसलेल्या सिनेमाला बहुधा याच वाटेने जावे लागते, कारण महोत्सवाचे नाव लागले की वितरक दार उघडतो.

पण त्या ओळींत एक गोष्ट हरवते. कांबळेंवर आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. जबाब होतात मराठी-हिंदीत आणि न्यायाधीश ते टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात. आरोपीचे शब्द त्याच्याच डोळ्यांसमोर परके होतात. परदेशातला प्रेक्षक हे कानाने थोडेफार ओळखत असेल, पण वाचायला त्याला सगळे एकाच इंग्रजीत मिळते.

दुसरी वाट ‘सैराट’ची. 2016 च्या त्या सिनेमाचा 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ झाला. करमाळ्याकडची माती जाऊन उदयपूर आले. प्रेक्षक नवा मिळाला, पण मूळ सिनेमात जातीचा जो काटा टोचतो तो बोथट झाला. ‘कोर्ट’ थोड्याच लोकांपर्यंत पोहोचला, पण स्वतःच्या आवाजात पोहोचला. मला विचाराल तर मी ओळींची वाट निवडेन. फक्त त्या ओळी हिंदी-उर्दूतही हव्यात, नाहीतर व्हेनिसला कळलेला सिनेमा शेजारच्या घराला कळत नाही.

मध्येच अम्मीने मला थांबवले. न्यायाधीश इंग्रजीत लिहून घेत होते. ती म्हणाली, “उसको समझा क्या, क्या लिख रहे?”

मी उत्तर दिले नाही. अब्बूंनीही एका कचेरीत न वाचता येणाऱ्या इंग्रजी कागदावर सही केली होती, आणि त्यात काय आहे हे आम्हाला दोन वर्षांनी कळले. ते प्रकरण आम्हाला महागात पडले.

मी सांगणे बंद केले. पुढचे ती तशीच बघत राहिली.

वीरा साथीदार एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने गेले. अम्मीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “वो कोर्टवाले?”