मावा केकचा हिशेब

प्रिय नवरोबा,

समोरासमोर बोलायला बसलो की लेक उठते, म्हणून लिहितेय. "घरी बेकरी म्हणजे नक्की काय करणार?" असं तू विचारलंस, तेव्हा मी गडबडले. इंजिनिअर असूनही माझा हिशेब चुकलेला होता.

क्रीमचे केक करणार नाही. मे महिन्यात रिक्षाने पाठवलेला केक आठवतोय ना? वाशीतल्या वाशीत क्रीमची फुलं ओघळून बॉक्सला चिकटली होती. शिवाय क्रीमला फ्रिजचा एक कप्पा कायमचा लागतो, आणि तो आपल्याकडे नाही. मी फक्त अर्ध्या किलोचा मावा केक करीन. तो रिक्षातले धक्के सोसतो, आणि दुसऱ्या दिवशी तर जास्तच छान लागतो.

एका केकला मावा ४० रुपयांचा, बटर ६० चं, साखर, मैदा, दोन अंडी, वेलची मिळून ३३. बॉक्स आणि कागद २०, वीज साधारण ७. म्हणजे १६०. विकणार ३५० ला. १९० सुटतात म्हणून मी खूश झाले होते. पण दहातला एक केक बिघडतो, त्याचे साधारण १८ वजा केले की विकलेल्या केकमागे उरतात १७२. एका वेळी दोन केक भाजले तरी भांडी, पॅकिंग धरून दोन तास जातात. म्हणजे बिघडलेले धरून माझ्या एका तासाचे साधारण १५५. पगाराशी तुलना करू नकोस, मी करून रडले आहे.

शेजारच्या काकूंच्या जुन्या ओटीजीत केक मधोमध का बसायचे, तेही कळलं. आत थर्मामीटर ठेवला, तर १८० लावूनही १६० दाखवत होता. पाककृतीतल्या वेळेवर विसंबून मी केक कच्चाच बाहेर काढत होते.

मला २५,००० हवेत, माझ्या पगारातून भरलेल्या आरडीतले. ओटीजीला १२,०००. बीटर, वजनकाटा, थर्मामीटर, साचे मिळून ६,०००. उरलेल्या ७,००० त पहिल्या महिन्याचा माल, बॉक्स आणि एफएसएसएआयची नोंदणी. सहा महिन्यांच्या घरखर्चाची एफडी मोडायची नाही, कितीही ऑर्डर आल्या तरी.

आठवड्याला आठ केक गेले, तर महिन्याला साडेपाच हजार. तीन महिन्यांनी आठवड्याला पाचही जात नसतील तर ओटीजी विकेन आणि पुन्हा नोकरीचे अर्ज सुरू करीन. तारीख तूच कॅलेंडरवर लिही. बिल्डिंगमधल्या बायकांनी कौतुकाने घेतलेले केक मोजायचे नाहीत, दुसऱ्यांदा मागवलेले मोजायचे.

खरी अडचण पैशांची नाही. शनिवार-रविवार सकाळी सात ते अकरा बाळ पूर्ण तुझ्याकडे. दूध, शी, रडणं सगळं. "जरा घे ना हिला" म्हणत स्वयंपाकघरात यायचं नाही.

आधी त्याचं हो की नाही सांग. पैशांचं नंतर.

तुझीच