कानाने नाही, खानदानाने
स्पेलिंगमधली चूक शोधताना माझ्या वर्गातली मुलं शब्द पुटपुटतात आणि फसतात. ‘डेफिनिट’मध्ये ‘एन’नंतर ‘आय’ की ‘ए’? तो स्वर बोलताना दबतो, कानाला फरक कळत नाही. मग मी सांगते, शब्दाचं खानदान शोधा. ‘डेफिनिशन’मध्ये त्याच जागी ‘आय’ स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे ‘ए’वाला पर्याय चुकीचा.

उर्दूत आपण हेच करतो. जाल, जे, ज्वाद, जोय, चौघांचा आवाज एकच. पण ‘नजर’ जोयने लिहिली की ‘मंजर’ आणि ‘नाजिर’ही जोयनेच.

कधी खानदानही दगा देतं. ‘प्रोनाउन्स’मध्ये ‘ओ-यू’ आहे, ‘प्रोनन्सिएशन’मध्ये मात्र ‘ओ’ गळून नुसता ‘यू’ उरतो. असे शब्द वेगळ्या वहीत लिहून पाठच करायचे.