लग्न तेच, मुहूर्त तोच

गोष्ट डिसेंबर २०२३ मधली. रविवारी १७ तारखेला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. गुरुवारी दुपारी मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये नेहमीप्रमाणे मान डोलवत बसलो होतो आणि बाबांचा फोन आला. नळ स्टॉपजवळचं जे कार्यालय आम्ही आठ महिने आधी ठरवलं होतं, तिथे मीटरच्या खोलीत शॉर्ट सर्किट होऊन आग लागली होती. कुणाला काही झालं नाही, पण आठवडाभर तरी वीज येणार नव्हती. पैसे लगेच परत करतो म्हणाले. पैसे परत मिळतात हो, मुहूर्त कुठून परत मिळणार?

पुढचे चार तास फोनाफोनीत गेले. शेवटी सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाजवळचं एक कार्यालय मिळालं. तिथलं रविवारचं लग्न पुढे गेलं होतं. रात्री आठला पैसे भरून पावती हातात घेतली. हुश्श! आता उरलं होतं फक्त नातेवाईकांच्या ग्रुपवर कळवणं. रोज दहा ईमेल लिहिणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड? पाच मिनिटांत मी लिहून काढलं:

"नमस्कार मंडळी, कळविण्यास अत्यंत वाईट वाटते की काही अपरिहार्य कारणामुळे तेरवाच्या लग्नकार्यात अचानक बदल करावा लागत आहे. आम्ही सर्वजण खूप धावपळीत आहोत, कृपया समजून घ्यावे..."

पत्ता पुढे सातव्या ओळीत होता.

बाबा निवृत्त झाले ते तार खात्यातून. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्यांच्या डोक्यातली काही अजून बंद झालेली नाही. त्यांनी माझ्या मोबाईलवर दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

"हे वाचून तुझी नाशिकची आत्या पहिला प्रश्न काय विचारेल?"

"नवीन पत्ता?"

"नाही. लग्न मोडलं का, हा विचारेल. अरे, तार आली म्हटलं की लोक आधी रडायला लागायचे आणि मग मजकूर वाचायचे. पहिल्या चार शब्दांत भीती घालवली नाहीस, तर पुढचं कोणी वाचत नाही."

मग त्यांनी एकेका शब्दाला धरलं. 'अपरिहार्य कारण' लिहिलंस की प्रत्येक जण आपापलं कारण शोधणार, आणि ते आगीपेक्षा वाईट असणार. म्हणून खरं कारण लिही, पण एकाच ओळीत. 'तेरवा' कशाला? हा निरोप कोल्हापूरच्या काकूने उद्या सकाळी वाचला तर तिचा तेरवा सोमवार होतो, सोमवारी नव्हे ना लग्न? हे मला जरा ताणलेलं वाटलं, पण वार आणि तारीख घातली. 'राजाराम पुलाजवळ' हेही त्यांना चालेना. "पुलाला दोन टोकं असतात. निम्मे लोक कर्वेनगरच्या टोकाला उतरतील." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

माझ्याकडून मी एकच गोष्ट घातली. नकाशाची लिंक वेगळा मेसेज म्हणून न पाठवता त्याच मजकुरात टाकली. लोक मेसेज पुढे पाठवतात तेव्हा एकच पाठवतात, दुसरा मागेच राहतो. त्यामुळे जे काही सांगायचं ते एका मेसेजमध्ये, आणि तो ग्रुपबाहेर एकटा गेला तरी पूर्ण कळला पाहिजे. शेवटी हे तयार झालं (कार्यालयांची नावं आणि नंबर इथे गाळलेत):

"आपल्या ताईचं लग्न ठरल्याप्रमाणे रविवार, १७ डिसेंबर २०२३ रोजी, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या मुहूर्तावरच आहे. फक्त कार्यालय बदललं आहे.

नवीन जागा: ... मंगल कार्यालय, सिंहगड रस्ता, राजाराम पुलाचं सिंहगड रस्त्याकडचं टोक. नकाशा: ...

शनिवार, १६ डिसेंबरचं सीमांतपूजनही इथेच, संध्याकाळी ७ वाजता.

पत्रिकेवर छापलेल्या नळ स्टॉपजवळच्या कार्यालयात जाऊ नये. तिथे शॉर्ट सर्किटमुळे वीज नाही. कुणालाही इजा झालेली नाही, दोन्ही घरी सगळे ठीक आहेत.

सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू आहे, अर्धा तास आधी निघावं. स्वारगेटला किंवा वाकडेवाडीला उतरणाऱ्यांनी मला फोन करावा: ..."

पाठवणार तेवढ्यात बाबांनी हात धरला. "आधी व्याह्यांना फोन." मुलाकडच्यांना ही बातमी आमच्या ग्रुपवरून फिरत फिरत कळली असती तर मजकूर कितीही शांत असून उपयोग नव्हता. बाबांनी स्वतः फोन केला. व्याही म्हणाले, हाच मजकूर आम्हालाही द्या, आमच्या ग्रुपवर शब्द न बदलता टाकतो. मग भटजी, मग केटरर, आणि नंतर, नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, ग्रुप.

पहिलं उत्तर आत्याचंच आलं. "बरं. मी वाकडेवाडीला साडेपाचला उतरते." बस्स. मोडलं का, वगैरे काही नाही. बाबांनी काही न बोलता चष्मा पुसला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण शुक्रवारी सकाळी एका उत्साही चुलतभावाने "फक्त दोन दिवस उरले!!" म्हणून जुन्या पत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकला. झालं! दहा मिनिटांत तीन जणांनी विचारलं, "म्हणजे परत नळ स्टॉपच का?" त्याला तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावला, आमचा मेसेज ग्रुपमध्ये वर पिन केला आणि पत्रिकेच्या फोटोवर जुन्या पत्त्यावर काट मारून, नवा लिहून, तोच फोटो टाकला. जुनं चित्र लोकांच्या मोबाईलमध्ये असतंच. त्याच्याशी नुसता मजकूर लढू शकत नाही.

मग मेसेजची माहिती उघडून कुणी वाचलाय ते पाहिलं. ६२ पैकी ५१. उरलेल्या अकरांना फोन केले. आणि तेव्हा लक्षात आलं की माझा हिशोबच चुकतोय. ग्रुपवर ६२ लोक होते, पण पत्रिका २८० घरी गेल्या होत्या. बाबांच्या जुन्या ऑफिसातले, आईच्या भिशीतल्या, गल्लीतले, यांतलं कोणीच ग्रुपवर नाही. आईने पत्रिका वाटतानाची वही काढली, आम्ही पाच जणांनी पानं वाटून घेतली आणि शुक्रवारची रात्र त्यात गेली. प्रत्येकाने फोनवर तोच मजकूर वाचून दाखवला, पहिल्या वाक्यापासून, स्वतःची भर न घालता.

तरी चौदा घरांत फोन लागलाच नाही. म्हणून रविवारी सकाळी दहापासून जुन्या कार्यालयाच्या फाटकाशी मामेभावाला बसवला, हातात पुठ्ठ्याची पाटी, शेजारी गाडी. दीड वाजेपर्यंत सहा जण आले. त्यातले एक बाबांबरोबर तारघरात असलेले, वय ८१, मोबाईल वापरत नाहीत. मामेभावाने त्यांना गाडीत घातलं, पण त्या उड्डाणपुलाच्या कामात अडकले आणि पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

बाबा त्यांना म्हणाले, "तुला तार करायला हवी होती रे." ते हसले. बाबांना मात्र ते अजून लागून राहिलंय. त्या चौदा घरी आपण शनिवारी कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवायला हवं होतं, असं ते अजून म्हणतात. पाठवता आलं असतं, हे मलाही माहीत आहे. शनिवारी दुपारी मी दोन तास झोपलो होतो.

असो. मजकूर वर दिला आहे. वेळ येऊ नये, पण आलीच तर खुशाल उचला. आणि वही जपून ठेवा.