न पाठवलेले पत्र

दुरावलेल्या एका मित्राला लिहिलेले पत्र माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. आमचे भांडण झाले नव्हते. वीस वर्षांची मैत्री होती. बोलीतील शब्द टिपत आम्ही सिंधुदुर्गातील गावे पायी हिंडलो होतो. पुढे फोन विरळ झाले, आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची बातमी मला लग्नानंतर, तिसऱ्याच व्यक्तीकडून कळली. पत्राचे चार खर्डे झाले. त्यांतील खाडाखोड तुमच्यापुढे ठेवतो. भाषेच्या अभ्यासकाला तीच अधिक उपयोगी.

मायन्यात ‘स. न. वि. वि.’ रीतसर झाले असते, परंतु ज्याला जन्मभर ‘तू’ म्हटले त्याला ती चार अक्षरे परकी वाटली असती. म्हणून ‘प्रिय’ आणि त्याचे घरातले नाव, एवढेच लिहिले.

पहिल्या खर्ड्यात वाक्य होते : ‘तू साधा फोनही केला नाहीस.’ यातील माहिती ‘फोन केला नाहीस’ एवढीच आहे. दोषारोप आहे तो ‘साधा’ आणि ‘ही’ यांत. काम सोपे होते, असे पहिला शब्द सांगतो. निदान तेवढे तरी करायचे होतेस, असे दुसरा. दोन्ही खोडले. पुढे ‘मुद्दाम’ होते, तेही खोडले. त्याच्या मनातले मला कसे ठाऊक असणार?

दुसऱ्या खर्ड्यात आले : ‘आपले बोलणे थांबले.’ पाऊस थांबतो, घड्याळ थांबते, तसे. अकर्मक क्रियापदाने दोघांनाही मोकळे केले, पण मला काय वाटले ते त्यात कुठेच नव्हते. अखेरच्या खर्ड्यात अशी वाक्ये राहिली : ‘बातमी मला लग्नानंतर कळली. ती तुझ्याकडून कळेल असे वाटले होते. दोन दिवस कशात मन लागले नाही.’ मला निश्चित ठाऊक होते ते एवढेच.

आणखी एक भेद पाहा. वर तुम्हाला सांगताना मी ‘आम्ही हिंडलो’ असे लिहिले. पत्रात मात्र ‘आपण हिंडलो’ आहे. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो, ‘आपण’ त्याला सामावून घेतो. (हिंदीचा ‘हम’ हा भेद करीत नाही.) त्या दिवसांविषयी ज्याच्याशी ‘आपण’ म्हणून बोलता येईल, असा माणूस एकच आहे. पत्र लिहावेसे वाटले ते बहुधा याचसाठी.

पाठवले नाही, कारण पोस्टात पडलेले पत्र उत्तर मागते, आणि उत्तर द्यायला त्याला भाग पाडावे असे मला वाटत नाही. शेवटची ओळ अशी आहे : ‘कुडाळकडच्या शब्दांची आपली वही माझ्याकडे आहे. पावसाने काही पाने चिकटली आहेत. तुझे अक्षर मात्र अजून नीट लागते.’