दहा गोळ्यांचा हिशेब

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आमच्या साखळीतलं एक औषधांचं दुकान आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बक्षीस योजना आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मालकांचं म्हणणं सरळ होतं : प्रत्येक बिलावर पाच टक्के पॉइंट द्या.

मी कागदावर मांडून दाखवलं. सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या औषधांवर दुकानदाराला त्याच्या खरेदी किमतीवर 16 टक्के मिळतात. म्हणजे कर सोडून 100 रुपयांच्या विक्रीत 13 रुपये 80 पैसे, 600 रुपयांच्या बिलात साधारण 83. त्यातले 30 पॉइंटमध्ये गेले, तर भाडं, पगार आणि मुदत उलटलेला माल सगळं 53 रुपयांत भागवायचं. शिवाय ते 30 रुपये बहुतेक अशांना मिळणार, जे एरवीही आलेच असते.

मग ठरलं, जी माणसं मध्येच गळतात त्यांच्यासाठीच योजना करायची. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी बिलं मोबाइल नंबरानुसार काढली. प्रत्येक जण महिन्याची औषधं नेतो, 30 दिवसांनी परत आला की वेळेवर, नाही तर गळाला, असं मी धरलं होतं. यादी प्रचंड लांब निघाली, आणि मला ती खरी वाटली.

काउंटरवर दोन दिवस उभी राहिले तेव्हा चूक कळली. एक आजी आल्या आणि पट्टी कापून दहाच गोळ्या मागितल्या. "पेन्शन आली की बाकीच्या नेईन, बेटा," म्हणाल्या. माझ्या यादीत त्या गळालेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या दहा दिवसांनी न चुकता येत होत्या, फक्त कधी शेजारणीच्या मोबाइल नंबरावर. काहींना बाउरिंग रुग्णालयातून गोळ्या मिळत, तेव्हा ते आमच्याकडे येत नसत. आणि दिवसाला किती गोळ्या घ्यायच्या, हे बिलावर लिहिलेलंच नसतं!

म्हणून 30 दिवसांचा नियम सोडला. प्रत्येकाने मागच्या वेळी किती गोळ्या नेल्या आणि किती दिवसांनी परत आला, यावरून त्याची स्वतःची चाल काढली. दुप्पट दिवस उलटले, तरच तो नंबर यादीत. अशांतल्या सम अंकाने संपणाऱ्या नंबरांना, सलग तीन वेळा वेळेवर आल्यास चौथ्या बिलात 30 रुपयांची सूट मिळेल असं कळवलं. विषम नंबरांना काहीच कळवलं नाही, कारण आपण काही केलं नसतं तर किती जण आले असते, हे त्यांच्यावरूनच दिसतं. संदेशात औषधाचं नाव कटाक्षाने टाळलं. फोन घरात अनेकांच्या हाती असतो. अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या योजनेबाहेर ठेवल्या.

नेहमी वेळेवर येणाऱ्यांना पैसे नाहीत, पण रक्तदाब फुकट मोजून देतो आणि त्यांची औषधं आधीच बांधून ठेवतो. आजींच्या पाकिटावर मी काउंटरवरच्या मुलाला पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे.