पदराचा रंग परकराला

आईची साडी ठरल्याशिवाय लेकराचे कपडे घेऊ नयेत. लग्नघरात सर्वांत मोठे कापड तिच्या अंगावर असते आणि मूल अर्धा वेळ तिच्याच कडेवर असते. रंग जुळवायचा तो या कडेवरच्या जागेचा विचार करून. साडीच्याच रंगाचा फ्रॉक घातलेले मूल आईने उचलले की साडीत मिसळून जाते. फोटोत चेहरा आणि हात तेवढे दिसतात. म्हणून रंग तेच ठेवायचे, पण त्यांच्या जागा बदलायच्या.

समजा, मावशीच्या लग्नात तीन वर्षांची मुलगी आहे. आईची साडी मोरपंखी, काठपदर डाळिंबी. मुलीला डाळिंबी खणाचा परकर आणि मोरपंखी पोलके शिवावे. आईने कडेवर घेतले की पोलके डाळिंबी पदराजवळ येते आणि परकर मोरपंखी निऱ्यांवर. दोन्ही उठून दिसतात आणि बाहेरचा एकही रंग आणावा लागत नाही. वडिलांनी मोतिया कुर्ता आणि त्यावर तसेच जाकीट घालावे. तिघांनीही गडद रंग घातले तर डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि मोतियावर मुलीचे दोन्ही रंग स्वच्छ दिसतात.

खणाचा पन्हा साधारण 30 इंच असतो आणि काठ दोन्ही कडांना असतात. काठ परकराच्या घेरावर यायचा तर कापड आडवे धरावे लागते: लांबी घेरात जाते, पन्हा उंचीत. या वयाच्या मुलीच्या कमरेपासून घोट्याच्या इंचभर वरपर्यंत सुमारे 20 इंच भरतात, तरी माप अंगावरच घ्यावे. दीड मीटर खणात साठेक इंचांचा, म्हणजे कमरेच्या तिप्पट घेर मिळतो. उंचीसाठी 24 इंच कापावेत: 20 परकराचे, एक कमरेच्या शिवणीचा आणि तीन इंच काठाच्या वर आतून घालायच्या आडव्या दुमडीचे. पुढच्या वर्षी ती टीप उसवली की परकर पुन्हा पायाशी येतो. उरलेली सहा इंचांची पट्टी दुसऱ्या काठासकट हाती राहते. तिच्यातून पोलक्याच्या बाह्यांना काठ लागतो आणि वडिलांच्या जाकिटाच्या खिशात दिसण्यापुरती घडीही निघते. वडिलांना एवढा धागा पुरतो.

छटा जुळवताना फसगत होते ती दुकानातल्या दिव्याखाली. डाळिंबी रंग तिथे एक दिसतो, उन्हात दुसराच. ब्लाउजपीसचा बोटभर तुकडा सोबत न्यावा आणि खण दारात नेऊन उजेडात पाहावा. तंतोतंत छटा मिळाली नाही तर जवळपासची घेऊ नये, चांगली गडद घ्यावी. थोडक्यात हुकलेला रंग विटल्यासारखा दिसतो; स्पष्ट गडद रंग मुद्दाम निवडलेला वाटतो.

गडद खण रंग सोडतो का, हेही घरी आणल्यावर पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळला आणि फडके गुलाबी झाले, तर घामेजलेली मुलगी वडिलांच्या मोतिया कुर्त्यावर डाग पाडणार हे नक्की. असा खण बदलून आणणे बरे.

रंग कितीही जमला तरी कपडा टोचला तर मूल तो अंगावर ठेवत नाही. जरीच्या काठाची उलटी बाजू खरखरीत असते. काखेत आणि गळ्याशी हात घालून शिवण मनगटाच्या आतल्या बाजूवर घासावी. तिथे बोचली तर मुलीला नक्कीच बोचणार. पूर्ण पोलक्याला आधी धुऊन घेतलेल्या मलमलीचे अस्तर हवे. नाडीचा परकर पोटाला काचतो आणि धावताना खाली घसरतो. त्यापेक्षा मलमलीची बिनबाह्यांची बॉडी शिवून परकर तिलाच जोडावा, म्हणजे भार खांद्यावर येतो आणि पोट मोकळे राहते. घेर घोट्याच्या इंचभर वरच असावा, नाहीतर जिना चढताना पाय अडकतो. लग्नाच्या आठवडाभर आधी हा पोशाख तासभर घरात घालून मुलीला खेळू द्यावे. ती कुठे ओढते, कुठे खाजवते ते दिसले की शिंप्याकडे जायला वेळ राहतो.

मुलगा असेल तर हाच हिशेब उलटा बसतो. मोरपंखी सदरा, त्यावर डाळिंबी खणाची बिनबाह्यांची बंडी आणि खाली मोतिया सुरवार. मग वडिलांच्या जाकिटाची गरजही उरत नाही. बंडी तेवढी सैल हवी, कारण मूल ती सर्वांत आधी काढून टाकते. ती गेली तरी सदरा आईच्या साडीशी बोलतच राहतो.

एक जादा पोलके साध्या मोरपंखी सुती कापडाचे शिवून पिशवीत ठेवावे. मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या की पंगतीला बसण्याआधी वरचे पोलके बदलायचे. परकरावर मोठा रुमाल पसरला की श्रीखंडाचा हात कुठेही लागला तरी चालतो.